बझर वाजतोय, पण ब्रेक लागतोय

"बझर वाजला तरी ब्रेक लागतोय ना, मग पुढच्या गॅरेजपर्यंत गाडी नेली तर काय बिघडलं?"

ब्रेक लागतो, कारण ट्रक-बसच्या एअर ब्रेकमध्ये हवेची सर्किटं दोन असतात. एकाच्या दाबाचा काटा पडला तरी दुसरं धरतं, आणि तिथेच फसगत होते. भरलेल्या टाकीत साधारण 8 बार दाबाची हवा असते. ती 4-5 बारच्या आसपास आली की बझर आणि लाल दिवा. आता समजा चाकाजवळच्या एका ब्रेक चेंबरचा रबरी पडदा फाटलाय. पॅडल मोकळं असताना काटा स्थिर दिसतो, दाबलं की फुस्स आवाज येतो आणि काटा खाली येतो. म्हणजे उतारावर, नेमकी गरज असताना, हवा संपते. आणखी खाली गेली की हवेच्या दाबानेच मोकळा राहणारा स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो आणि मागची चाकं अडकू शकतात.

म्हणून ॲक्सिलरेटर सोडा, गिअर उतरवा, पॅडल पंप न करता एकदाच सलग दाबा. कडेला थांबून हँडब्रेक लावा, चाकांखाली ठोकळे लावा. स्प्रिंग ब्रेक हाताने सोडवून गाडी पळवणं तर निव्वळ वेडेपणा.

रात्रभर उभ्या गाडीत सकाळी बझर वाजणं वेगळं. तो बंद होऊन काटा पूर्ण चढेपर्यंत गाडी हलवू नका.