‘उत्तर नीट दिसत नसेल तर सांगा’: एका ओळीमागचा इतिहास

आपोआप उत्तरं देणाऱ्या चॅट-यंत्रणेकडून पहिलं लांबलचक उत्तर आलं की कधी कधी त्याखाली एक साधी ओळ असते: ‘मजकुरात मध्येच चांदण्या किंवा उभ्या रेघा दिसत असतील तर कळवा, साध्या ओळींत पाठवू.’ ही ओळ एकदाच येते. ती लिहावी लागते, कारण आपण पाठवलेला मजकूर समोरच्या पडद्यावर कसा उमटला हे यंत्रणेला दिसत नाही.

हा प्रश्न फार जुना आहे. 1970च्या दशकात एकाच मोठ्या संगणकाला वेगवेगळ्या कंपन्यांचे टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड असलेली यंत्रं, जोडलेले असत. पडदा पुसायचा, अक्षरं उठावदार करायची, यासाठीचे संकेत प्रत्येकाचे निराळे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय या प्रोग्रॅमरने 1978च्या सुमारास टर्मकॅप नावाची यादी तयार केली, तिच्यात कोणत्या टर्मिनलला कोणते संकेत कळतात याची नोंद होती. पण समोर कोणतं टर्मिनल आहे हेच माहीत नसेल तर यादी असून उपयोग काय? फोनच्या तारेवरून कोणी जोडलं गेलं तर संगणकाला ते ओळखता येत नसे. मग लॉगिन करताना तो सरळ माणसालाच विचारायचा:

```
TERM = (vt100)
```

कंसातला अंदाज बरोबर असेल तर नुसतं एंटर दाबायचं, नसेल तर आपल्या टर्मिनलचं नाव टाइप करायचं. उत्तर चुकलं की लगेच कळे: पडदा पुसला जाण्याऐवजी मजकुरात `[2J` किंवा `[7m` असे तुकडे पडलेले दिसत.

पुढे टेलनेटमध्ये, म्हणजे दूरच्या संगणकाशी नेटवर्कवरून जोडून घ्यायच्या पद्धतीत, यंत्रच यंत्राला टर्मिनलचा प्रकार विचारू लागलं. 1988मध्ये खिडकी किती रुंद आणि किती उंच आहे हे सांगायचीही सोय झाली. माणसाला विचारायची गरज तिथे बरीच कमी झाली.

ईमेलला मात्र ही वाट बंद होती. पत्र पाठवलं जातं तेव्हा ते उघडणारा प्रोग्रॅम समोर नसतो, मग विचारायचं कुणाला? 1992मध्ये नथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम हे मानक मांडलं, आणि त्यात मला फार सुंदर वाटणारी एक तोड आहे. एकाच पत्रात तोच मजकूर दोन रूपांत घालायचा, साधं रूप आधी आणि सजवलेलं नंतर. वाचणाऱ्याचा प्रोग्रॅम त्याला झेपेल ते शेवटचं रूप दाखवतो, त्यामुळे काही विचारावंच लागत नाही.

चॅटच्या निरोपात अशी दोन रूपं सहसा नसतात. मजकूर एकच जातो आणि त्यातली सजावट बहुतेकदा मार्कडाउन नावाच्या लेखनपद्धतीतल्या खुणांनी केलेली असते. जॉन ग्रुबर यांनी 2004मध्ये मार्कडाउन आणलं ते खुणा तशाच उघड्या राहिल्या तरी मजकूर वाचता यावा या हेतूने. ठळक शब्दाभोवती चांदण्या राहिल्या तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते तक्त्यांनी, आणि तक्ते मूळ मार्कडाउनमध्ये नव्हतेच, ते नंतरच्या आवृत्त्यांत आले. समजा कुणी विचारलं, अर्जासोबत काय काय जोडायचं? यंत्रणा लिहिते:

```
| कागद | प्रती | साक्षांकन |
|---|---|---|
| **सातबारा उतारा** | 2 | हवं |
| **आधार कार्ड** | 1 | नको |
```

संगणकावरच्या चॅटच्या चौकटीत याचा नेटका तक्ता होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तक्ता होत नाही, ठळक अक्षरांसाठी तिथे दोन नव्हे तर एकच चांदणी लागते आणि अरुंद पडद्यावर ओळी मध्येच मोडतात. ‘2’ सातबाराचा की आधारचा, हे रेघा मोजून ठरवावं लागतं. वाचणाऱ्याला वाटतं आपलाच फोन बिघडला, आणि तो गप्प बसतो. म्हणून ‘काही अडचण आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. पडद्यावर काय दिसेल त्याचं नाव घ्यावं लागतं: चांदण्या, उभ्या रेघा. कुणी ‘हो, रेघा दिसतात’ म्हटलं की पुढचं उत्तर असं जातं: ‘सातबारा उतारा: 2 प्रती, साक्षांकित. आधार कार्ड: 1 प्रत, साक्षांकन नको.’

ही विचारणा स्वतः मात्र बिनसजावटीची हवी, नाहीतर ज्या पडद्यावर गडबड आहे तिथे तीच वाचता येणार नाही. तिची मर्यादाही इथेच आहे. अक्षरांची सांकेतिक पद्धत चुकून वाचली गेली तर ‘म’च्या जागी `à¤®` उमटतं, जुन्या फोनवर देवनागरी फॉन्ट नसेल तर नुसते चौकोन दिसतात. अशा वेळी मराठीतली विचारणाही त्याच चौकोनांत हरवते. तिथे तीच ओळ रोमन लिपीत दिली तरच काही आशा.

एकदाच विचारायचं ते दोन कारणांनी. प्रत्येक उत्तराखाली तीच ओळ आली तर लोक ती वाचायचं सोडून देतात. शिवाय मिळालेलं उत्तर जपून ठेवलं तर पुन्हा विचारायची गरजच उरत नाही. फक्त ते माणसाच्या नावाने न ठेवता ज्या मार्गाने निरोप आला त्या मार्गाच्या नावाने ठेवावं, कारण फोनवर साध्या ओळी मागणारी तीच व्यक्ती दुपारी ऑफिसच्या संगणकावरून विचारते तेव्हा तिला तक्ता चालतो, बहुधा हवाच असतो.