नॉबवरचं नाव सोडा, तापतोय कोणता रॉड ते बघा

केकच्या हौसेनं घेतलेला ओटीजी कोल्हापुरात फार दिवस केकपुरता राहत नाही. एखाद्या रविवारी त्यात कांदा-लसूण मसाला लावलेल्या तंगड्या जातातच. आणि मग तक्रार ठरलेली: वरून कोळसा, हाडाशी कच्चं. दोष सहसा मसाल्याचा नसतो, कोंबडीचाही नसतो. उष्णता कुठून आणि कशी येते, याचा हिशेब चुकलेला असतो.

साध्या ओटीजीत एक रॉड वर असतो, एक खाली. ‘बेक’वर बहुधा खालचा एकटा तापतो, ‘ग्रिल’वर वरचा एकटा, आणि ‘रोस्ट’ किंवा ‘टोस्ट’वर दोन्ही. कंपनीगणिक नावं बदलतात, म्हणून एकदा रिकामा ओव्हन चालू करून काचेतून बघून घ्यावं.

पदार्थाला उष्णता गरम हवेतून मिळते, ज्यावर तो ठेवलाय त्या ट्रेमधून मिळते आणि रॉड-भिंतींच्या किरणांतूनही मिळते. बेक करताना भर हवेवर आणि ट्रेवर. केकचं मिश्रण आधी फुगायला हवं आणि साल नंतर धरायला हवी, म्हणून वरचा रॉड गप्प ठेवतात. तो चालू राहिला तर साल आधीच कडक होते आणि आतलं मिश्रण ती फोडून वर येतं.

ग्रिलचा मामला वेगळा. १८७९ मध्ये योझेफ स्टेफान यांनी मांडलेल्या नियमानुसार, तापलेल्या वस्तूतून निघणारी किरणं तिच्या निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून येणाऱ्या आकड्याच्या, चौथ्या घाताने वाढतात. समजा रॉड लाल होऊन ७०० अंशांवर गेला आणि भिंती २०० अंशांवर आहेत. रॉडचा प्रत्येक चौरस सेंटिमीटर भिंतीच्या तेवढ्याच जागेपेक्षा सुमारे १८ पट किरणं फेकतो. पण ती पडतात फक्त रॉडला दिसणाऱ्या बाजूवर. खालची बाजू तिच्या सावलीत.

आता तंगडी घ्या. दही, आलं-लसूण, मीठ आणि मसाला लावलेली, हाडापर्यंत दोन-तीन चिरा दिलेली. पृष्ठभाग ओला आहे तोवर तिथलं तापमान शंभरीच्या आसपासच अडकतं, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. (समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवरच्या कोल्हापुरात पाणी ९८ अंशांनाच उकळतं.) खरपूस रंग आणि वास देणारी माइयार अभिक्रिया जोर धरते ती १४० अंशांच्या पुढे, म्हणजे पृष्ठभाग कोरडा झाल्यावरच. आत मात्र उष्णता मांसातूनच झिरपत जाते, आणि जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट लागतो. ग्रिलनं वरचा भाग झपाट्यानं तापतो, पण आतली चाल फारशी वाढत नाही. कांदा-लसूण मसाल्यातले कांदा, खोबरं, तीळ तर आधीच भाजलेले. त्यांना करपायला कितीसा वेळ लागणार?

म्हणून सुरुवात दोन्ही रॉडवर करावी. ओव्हन २०० अंशांना १०-१५ मिनिटं तापवून घ्यावा. तंगड्या जाळीवर सुट्या ठेवाव्यात, ट्रे त्याखाली. खोलगट ट्रेमध्ये दाटीवाटीनं कोंबल्या तर सुटलेलं पाणी तिथेच उकळतं आणि मांस वाफवलं जातं. तंगड्या फिकट आणि ट्रेमध्ये बुडबुडे दिसले, की हेच चाललंय समजा. पाणी ओतून टाका, तंगड्या जाळीवर घ्या. मध्यम आकाराला ३५-४० मिनिटं लागतात, अर्ध्यात एकदा उलटायच्या. हाडाजवळ, पण हाडाला न टेकवता, थर्मामीटर ७४ अंश दाखवतो तेव्हा चिकन खायला सुरक्षित असतं. तंगडीला मी ८० च्या पुढेच नेतो. तिच्यातले चिवट धागे तिथे मऊ व्हायला लागतात. निव्वळ रंगावर विसंबू नये, शिजलेलं मांसही हाडाशी लालसर राहू शकतं.

ग्रिल आता, शेवटची तीन-चार मिनिटं. वरून थोडं तेल फिरवायचं आणि तापमानाचा नॉब पूर्ण वर न्यायचा. हे नेमकं राहून जातं. थर्मोस्टॅटला कळते ती त्याच्याजवळची उष्णता, रॉडचा रंग नव्हे. नॉब २०० वरच असेल आणि ओव्हन आधीच तेवढा तापलेला असेल, तर रॉड लाल व्हायच्या आतच टिक् करून बंद होतो. तुम्ही ग्रिल समजून बसता, प्रत्यक्षात बंद रॉडखाली चिकन वाळत असतं. रॉड काळाच दिसला की ओळखायचं. काही ओव्हनमध्ये ग्रिलच्या वेळी दार किंचित उघडं ठेवायला सांगतात तेही याचसाठी; पण माहितीपुस्तिकेत तसं लिहिलं असेल तरच.

जाळी मधल्या खणात ठेवा. लहान ओटीजीत वरच्या खणात तंगडीचा उंचवटा रॉडच्या इतका जवळ जातो की तेवढाच काळा पडतो, बाजू फिकट राहतात. वरचा खण पनीर किंवा ढोबळी मिरचीच्या पातळ तुकड्यांना ठीक. त्यांना आत शिजायला वेळ लागतच नाही, त्यामुळे ते पहिल्यापासून ग्रिलवर चालतात.