लीग टूचा संघ आणि एकोणीस वर्षांची पोरं

ईए स्पोर्ट्स एफसी २४ या फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये, त्याच्या करिअर मोडमध्ये इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतला, म्हणजे लीग टूमधला संघ हाती घेतला की पैशांची तंगी लगेच जाणवते. खेळाडू विकत घ्यायला थोडी रक्कम, आठवड्याच्या पगारांना त्याहून थोडी आणि समोर ४६ सामन्यांचा लांबलचक हंगाम. पहिले तीन संघ थेट वरच्या श्रेणीत जातात, चौथा प्ले-ऑफ जिंकून जातो. अशा वेळी बहुतेक जण एकच गोष्ट करतात. सर्वांत जास्त पोटेन्शियल असलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा शोधतात आणि सगळा पैसा त्याच्यावर लावतात. बहुतेक वेळा संघ तिथेच अडकतो. का ते समजून घ्यायचं तर हा गेम खेळाडूची वाढ कशी मोजतो ते पाहावं लागेल.

प्रत्येक खेळाडूला दोन आकडे असतात. ओव्हरऑल म्हणजे तो आज किती चांगला आहे, आणि पोटेन्शियल म्हणजे तो कुठवर जाऊ शकतो. पहिला आकडा दिसतो. दुसरा लपलेला असतो, त्याची फक्त शब्दांत सूचना मिळते. आपल्या संघातल्या मुलापुढे "Showing great potential" दिसलं तर पोटेन्शियल साधारण ८० ते ८५, "An exciting prospect" असेल तर ८६ ते ९०, आणि "Has potential to be special" म्हणजे त्याच्याही वर.

पण पोटेन्शियल ही मर्यादा आहे, हमी नव्हे. त्या मर्यादेकडे मुलगा किती वेगाने सरकतो हे वय, सराव आणि मुख्य म्हणजे त्याला मिळणारी खेळण्याची मिनिटं यांवर ठरतं. शिवाय याच मालिकेतल्या फिफा २० पासून ही मर्यादाही हलती आहे. नियमित खेळणाऱ्या आणि चांगल्या फॉर्ममध्ये असलेल्या मुलाचं पोटेन्शियल वर सरकतं, बाकावर बसलेल्याचं खाली येतं. म्हणून मुलगा घेताना पहिला प्रश्न हा विचारायचा: हा आज माझ्या अकरांत खेळू शकतो का?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. संघातल्या खेळाडूंचं सरासरी ओव्हरऑल ६३ आहे आणि हाती १५ लाख पौंड आहेत. एक सतरा वर्षांचा स्ट्रायकर आहे, ओव्हरऑल ५४, पोटेन्शियल ८६. दुसरा एकोणीस वर्षांचा, ओव्हरऑल ६४, पोटेन्शियल ७८. दोघांची किंमत सात लाखांच्या आसपास.

पहिल्याला मैदानात उतरवला तर तो सहकाऱ्यांपेक्षा नऊ अंकांनी कमी पडतो. हेडर हरतो, धावेत मागे राहतो, गोल होत नाहीत. तीन पराभवांनंतर तुम्ही त्याला बसवता, आणि तिथून त्याची वाढ मंदावते. हंगामाअखेर तो ५७-५८ वर असेल, तोही पगार खाऊन. दुसरा पहिल्या दिवसापासून संघाच्या सरासरीपेक्षा एक अंक वर आहे. तो ३५-४० सामने खेळतो, गोल करतो, फॉर्म राखतो. दोन हंगामांत तो ७१-७२ पर्यंत जाणं अगदी शक्य आहे. त्याच्या गोलांवर तुम्ही वर चढलात तर तो फायदा वेगळाच.

इथे किंमतीचं गणितही मदतीला येतं. गेममध्ये खेळाडूचा भाव ओव्हरऑलबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, वर जाऊ लागला की उसळी घेतो. ५४ वरून ६१ झाल्यावर जेवढी भर पडते, त्याच्या कितीतरी पट ६४ वरून ७१ झाल्यावर पडते. वाढ सात-सात अंकांचीच, पण पैसा दुसरीकडे जास्त. तंगीतल्या संघाने वाढ विकत घ्यायची तर ती या चढावरची घ्यावी.

मग सतरा वर्षांच्या मुलांना सोडूनच द्यायचं का? नाही, पण त्यांच्यासाठी पैसे मोजू नयेत. ती आपल्याच क्लबच्या युवा अकादमीतून आणावीत. त्यासाठी मुलं हेरणारा स्काउट घेताना दोन गोष्टी ताऱ्यांत दिसतात, अनुभव आणि पारख. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर पारख निवडावी, कारण चार सुमार पोरांपेक्षा एक खरा मुलगा कामाचा. स्काउट तीन, सहा किंवा नऊ महिन्यांसाठी एखाद्या देशात जातो आणि दर महिन्याला अहवाल देतो.

अहवालात पोटेन्शियल पट्ट्याच्या रूपात येतं, उदाहरणार्थ ७१ ते ९३. इथे फार जण चुकतात. नजर ९३ वर जाते, आणि यादीतला सर्वांत मोठा वरचा आकडा असलेला मुलगा करारबद्ध होतो. पण पट्टा रुंद असण्याचा अर्थ एवढाच की त्या मुलाबद्दल आपल्याला फार कमी माहिती आहे. फक्त वरचं टोक पाहून निवड केली तर आपण गुणी मुलं न निवडता अनोळखी मुलं निवडत जातो. त्यापेक्षा खालचं टोक पाहावं. ७८ ते ८८ वाला मुलगा ७१ ते ९३ वाल्यापेक्षा भरवशाचा, कारण वाईटात वाईट तो ७८ ला तरी पोचू शकतो. पट्टा महिन्यागणिक अरुंद होत जातो, म्हणून घाईने मुख्य संघात आणू नये. दोन-तीन अहवाल थांबून खालचं टोक वर सरकतंय की वरचं टोक खाली येतंय ते पाहावं.

पैशांच्या बाबतीत दोन जागी गळती होते आणि ती उशिरा लक्षात येते. पहिली पगाराची. आठवड्याला ३,००० पौंड किरकोळ वाटतात, पण ५२ आठवड्यांचे १,५६,००० होतात, म्हणजे वर घेतलेल्या मुलाच्या किंमतीचा पाचवा हिस्सा दर वर्षी. त्यामुळे बोलणी करताना किंमत आणि पगार एकत्र मोजावेत. दुसरी गळती पुढच्या विक्रीतल्या हिश्श्याची. समोरचा क्लब सात लाखांऐवजी सहा लाखांत मुलगा देतो आणि बदल्यात पुढच्या विक्रीत १५ टक्के मागतो. आज एक लाख वाचला म्हणून आनंद होतो. दोन वर्षांनी तोच मुलगा ४० लाखांना विकला की त्यातले सहा लाख जातात. ज्याला वाढवून विकायचं ठरवलंय त्याच्या करारात हे कलम येऊ देऊ नये. तिशीतला बचावपटू भर म्हणून घेत असाल तर खुशाल द्यावं, कारण त्याची पुढची विक्री जवळपास शून्यच असते.

विक्रीची वेळ चुकली तर मात्र वरचं सगळं वाया जातं. ओव्हरऑल आणि पोटेन्शियल यांतलं अंतर दोन-तीन अंकांवर आलं की वाढ थकते आणि भावात मोजला जाणारा तरुणपणाचा भागही कमी होत जातो. आपल्या उदाहरणातला मुलगा एकविसाव्या वर्षी ७२ वर असेल तर अजून सहा अंक बाकी आहेत, घेणाऱ्याला त्यात फायदा दिसतो, चांगला भाव तेव्हाच येतो. करारात वर्षभरापेक्षा कमी काळ उरला असेल तर आधी करार वाढवावा, नाहीतर समोरचा क्लब थांबून राहतो आणि शेवटच्या सहा महिन्यांत मुलगा फुकट निघून जाऊ शकतो. त्याच्या जागी खेळणारा पुढचा एकोणीस वर्षांचा मुलगा विक्रीनंतर शोधायचा नसतो. तो एक ट्रान्सफर विंडो आधीच संघात यावा आणि मधल्या काळात चषकाच्या सामन्यांत आणि शेवटच्या वीस-तीस मिनिटांत त्याला खेळवत राहावं.