टेस्टोस्टेरॉन टोचल्यावर शुक्राणू कमी का होतात?

टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन, म्हणून ते जितकं जास्त तितकी मूल होण्याची क्षमता जास्त, असा एक समज जिममध्ये आणि जाहिरातींमध्ये पक्का बसला आहे. प्रत्यक्षात निरोगी पुरुषाला हे हार्मोन बाहेरून टोचलं, तर शुक्राणू कमी होतात आणि पुष्कळदा शून्यावर येतात. हा परिणाम इतका ठळक आहे की जागतिक आरोग्य संघटनेनं पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी घेतली. १९९० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं होतं. सहा महिन्यांच्या आत त्यांच्यापैकी १५७ जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू सापडेनासा झाला.

असं का होतं? टेस्टोस्टेरॉन किती आहे यापेक्षा ते कुठे आहे, यात याचं उत्तर आहे.

वृषणात अत्यंत बारीक नलिकांची वेटोळी असतात आणि शुक्राणू त्यांच्या भिंतीत तयार होतात. दोन नलिकांमधल्या फटीत लेडिग पेशी बसलेल्या असतात. टेस्टोस्टेरॉन त्या बनवतात, आणि ते शेजारच्या नलिकेत थेट झिरपतं. त्यामुळे वृषणाच्या आत या हार्मोनचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट, साधारण शंभरपट असतं. शुक्राणू घडायला हेच दाट प्रमाण लागतं. गंमत अशी, की घडणाऱ्या शुक्रपेशींना स्वतःला हे हार्मोन ओळखताच येत नाही. ते ओळखतात नलिकेतल्या सर्टोली पेशी. वाढत्या शुक्रपेशींना कवेत घेऊन त्यांचं पोषण करणाऱ्या या पेशींना पुरेसं टेस्टोस्टेरॉन मिळालं नाही, तर त्यांची पकड सुटते. मग अर्धवट घडलेल्या पेशी गळून पडतात आणि पूर्ण घडलेले शुक्राणूही नीट मोकळे होत नाहीत.

लेडिग पेशींना कामाला लावणारा आदेश मेंदूतून येतो. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग दर दीड-दोन तासांनी जीएनआरएच या हार्मोनचा एक छोटा झोत सोडतो. तो खालच्या पियूषिका ग्रंथीला पोचला की ती एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स रक्तात सोडते. एलएच लेडिग पेशींना चालवतं, एफएसएच सर्टोली पेशींना. हायपोथॅलॅमस आणि पियूषिका रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि त्यापासून बनणारं इस्ट्रोजेन सतत जोखत असतात. ते वाढलं की आदेश मंदावतो. सर्टोली पेशीही इनहिबिन नावाचं हार्मोन पाठवून एफएसएचला आवर घालतात.

आता इंजेक्शन घेतलं की रक्तातली पातळी वाढते. मेंदूला फक्त रक्तातलं कळतं, वृषणाच्या आतलं कळत नाही. माल भरपूर आहे असं समजून तो आदेश थांबवतो. एलएच नाही म्हणून लेडिग पेशी थंडावतात आणि नलिकेशेजारचा दाट साठा आटतो. इंजेक्शन रक्तातली पातळी दुप्पट करेल, पण शंभरपटीची भरपाई त्याला शक्य नाही.

समजा, बत्तीस वर्षांचा एक माणूस स्नायू वाढवण्यासाठी आठ महिने ही इंजेक्शनं घेतोय आणि मूल होत नाही म्हणून तपासणीला येतो. वीर्य दिसायला नेहमीसारखंच असतं, कारण त्यातला बहुतेक द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. म्हणून त्याला स्वतःला काही जाणवलेलं नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र शुक्राणू शून्य. वृषणं लहान आणि मऊ झालेली. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर, पण एलएच आणि एफएसएच जवळपास मोजता न येण्याइतके कमी. या जोडीवरून निदान होतं. वृषणच निकामी झालं असतं तर मेंदूनं उलट जोर लावला असता आणि एफएसएच चढलेलं दिसलं असतं. अशा वेळी इंजेक्शनांबद्दल थेट विचारावं लागतं. पुष्कळजण त्याला औषध समजतच नाहीत, म्हणून आपणहून सांगत नाहीत.

इंजेक्शन बंद केल्यावर पुढच्याच महिन्यात फरक दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये. मूळ पेशीपासून शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे वृषणाला लागून असलेल्या अधिवृषणाच्या नळीतून वाट काढत पक्व व्हायला एक-दोन आठवडे. म्हणजे आदेश पुन्हा सुरू झाल्यानंतरही तीन महिने, आणि आदेश सुरू व्हायलाच काही महिने लागू शकतात. गर्भनिरोधक चाचण्यांमधल्या बहुतेकांचे शुक्राणू सहा महिने ते वर्षभरात परतले, काहींना दोन वर्षं लागली. ते मात्र ठरावीक मात्रा घेणारे निरोगी पुरुष होते. वर्षानुवर्षं मोठ्या मात्रा घेणाऱ्यांना तेवढी खात्री देता येत नाही. वाट पाहणं परवडत नसेल तर डॉक्टर एचसीजी हे हार्मोन देतात. ते एलएचच्या जागी बसून लेडिग पेशींना थेट चालवतं, आणि गरज पडल्यास त्याच्या जोडीला एफएसएचही देतात. 'टेस्टोस्टेरॉन वाढवून शुक्राणू वाढवा' असं सांगून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर विश्वास ठेवू नका. त्यात खरंच हार्मोन मिसळलेलं असेल, तर परिणाम नेमका उलटा होईल.