रिले होता, तरी मोटर जळाली

एप्रिल-मे आला की इंदूरच्या कॉलन्यांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते: "पॅनलमध्ये ओव्हरलोड रिले होता, नवा होता, तरी बोरची मोटर जळाली." मग दोष व्होल्टेजला दिला जातो, नाहीतर वाइंडिंग करणाऱ्याला. बऱ्याचदा दोघांचाही त्यात काही संबंध नसतो. बोर कोरडा पडला आणि पंप तसाच चालत राहिला, तर ओव्हरलोड रिले ट्रिप होणारच नाही. तो बिघडलेला नसतो, हे त्याचं कामच नाही.

कारण सोपं आहे. पंप पाणी वर ढकलतो तेव्हा मोटरवर भार पडतो आणि ती करंट घेते. पाणीच नसेल तर ढकलायचं काय? भार उतरतो, करंट कमी होतो. ओव्हरलोड रिले फक्त जास्त करंटवर नजर ठेवतो. त्याच्या दृष्टीने मोटर मजेत चाललेली असते.

आता एक नेहमीचं उदाहरण घेऊ. साडेसहा इंची बोर, त्यात 5 अश्वशक्तीची थ्री फेज मोटर. पाणी मिळत असताना ती मिनिटाला सुमारे 90 लिटर पाणी वर टाकते आणि दर फेजला 9 अँपिअर घेते. ओव्हरलोड साडेदहावर लावला आहे. सबमर्सिबलमध्ये सर्वांत खाली मोटर, तिच्यावर जाळी, म्हणजे पाणी आत घेण्याची जागा, आणि जाळीवर पंपाच्या स्टेज असतात. पाण्याची पातळी उतरत जाळीपर्यंत आली की पंप हवा ओढू लागतो. इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: जाळी मोटरच्या वर असल्यामुळे त्या वेळी मोटर बहुधा पाण्यातच उभी असते. पाण्यात बुडालेली मोटर जळते ती अशी.

मोटरला थंड ठेवतं ते वाहतं पाणी. चालू मोटर आपल्या तोट्यापोटी साधारण 1.8 किलोवॉट उष्णता बाहेर टाकते. मिनिटाला 90 लिटर पाणी अंगावरून जात असेल, तर एवढी उष्णता घेऊनही ते पाणी अंशाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमीच तापतं. पाणी संपल्यावर मोटरचा तोटा घटून किलोवॉटभर उरतो, म्हणजे उष्णता उलट कमी होते. पण ती वाहून नेणारं कोणी नसतं. मोटर आणि बोरची भिंत यांच्यामधल्या फटीत जेमतेम 5 लिटर पाणी असतं. मोटरचं लोखंड, तांबं आणि हे साचलेलं पाणी मिळून एक अंश तापायला पाऊण-एक मिनिट लागतं. भिंतीतल्या दगडात थोडी उष्णता जाते, तरी अर्ध्या-पाऊण तासात सगळं सत्तर अंशांच्या आसपास पोहोचतं. पाण्याने भरलेल्या मोटरची वाइंडिंग अनेकदा पीव्हीसीचं आवरण असलेल्या तारेची असते आणि त्या आवरणाची मर्यादा सत्तरच्याच आसपास आहे. त्यापुढे ते मऊ पडतं, दाबाखाली तार तारेला भिडते.

त्याआधीच वर पंपात नुकसान सुरू झालेलं असतं. मिनिटाला 2,800 हून अधिक फेरे घेणारा शाफ्ट ज्या बुशांमध्ये फिरतो, त्यांचं वंगण म्हणजे पाणीच. ते गेलं की बुश घासतात, फुगतात आणि शाफ्ट धरतात. पंप जाम झाला की करंट नेहमीच्या पाच-सहापट उसळतो आणि ओव्हरलोड अखेर ट्रिप होतो. मग कोणीतरी रीसेट दाबतं. पुन्हा ट्रिप, पुन्हा रीसेट. आधीच तापलेल्या वाइंडिंगचा शेवट बहुतेक या रीसेटमध्ये होतो.

मग उपाय काय? करंट कमी होताच मोटर बंद करणारा रिले. बाजारात त्याला ड्राय रन प्रिव्हेंटर म्हणतात. पण त्याचा साधा प्रकार कुठे फसतो ते पाहायला हवं, कारण या विषयातली सगळी गंमत तिथेच आहे.

मोटरच्या करंटमध्ये दोन भाग असतात. एक भाग प्रत्यक्ष काम करतो. दुसरा फक्त लोखंडात चुंबकत्व उभं करतो. ती ऊर्जा मोटर आणि लाइन यांच्यात नुसती ये-जा करते. हे दोन भाग सरळ बेरजेने नव्हे, काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंसारखे मिळतात आणि टोंग टेस्टर दाखवतो तो कर्ण. आपल्या मोटरमध्ये कामाचा भाग 7.6 आणि चुंबकत्वाचा 4.7 अँपिअर धरा. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की 9 येतात. पाणी संपलं की कामाचा भाग 2.7 वर येतो, पण चुंबकत्वाचा 4.7 च राहतो. कर्ण होतो 5.4. काम जवळजवळ दोन तृतीयांशाने घटलं, मीटरवरचा आकडा मात्र चाळीस टक्क्यांनीच उतरला.

रात्री लाइनवरचा भार कमी झाला आणि व्होल्टेज 415 वरून 455 वर गेलं, तर लोखंड संपृक्त होऊ लागतं आणि चुंबकत्वाचा भाग झपाट्याने वाढून समजा 7.2 होतो. आता कोरड्या पंपाचा करंट 7.6. रिले साडेसातवर लावला असेल, तर त्याला वाटतं पाणी येतंय. म्हणून नुसता करंट मोजणाऱ्या रिलेपेक्षा किलोवॉट किंवा पॉवर फॅक्टर, म्हणजे करंटमधला कामाचा वाटा, पाहणारा रिले भरवशाचा. आपल्या मोटरचे किलोवॉट साडेपाचवरून दोनवर येतात आणि व्होल्टेज चढलं तरी जवळपास दोनच राहतात.

बोरमध्ये सोडायचे इलेक्ट्रोडही मिळतात. पण माळव्याच्या काळ्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून येतं आणि वरच्या भेगेतून झिरपणारी धार इलेक्ट्रोडला ओलं ठेवते. खाली पातळी उतरली तरी संदेश "पाणी आहे" असाच जातो. (हातावर नारळ ठेवून बोरची जागा सांगणाऱ्यांना या भेगा दिसत नाहीत. अशा जागी पाणी लागतं ते खडकामुळे, नारळामुळे नाही.)

सेटिंग अंदाजाने करू नये. पूर्ण धार चालू असताना टोंग टेस्टरने करंट मोजा. मग डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह काही सेकंदच बंद करून पुन्हा मोजा, समजा 6.4 आला. रिले या दोन्हींच्या मधे, साधारण साडेसातला लावा. व्हॉल्व्ह बंद राहिला तरी पंपाचं तेवढंच नुकसान होतं, त्यामुळे ही सेटिंग तेही पकडते. ट्रिपचा विलंब पाच ते दहा सेकंद पुरतो, म्हणजे हवेच्या एखाद्या घोटाने मोटर बंद पडणार नाही. धार कमी करण्यासाठी व्हॉल्व्ह अर्धा मिटवून ठेवणार असाल, तर तो आधी मिटवा आणि मगच सेटिंग करा, कारण करंट तेव्हाही उतरतो.

उरतो तो पुन्हा सुरू होण्याचा टायमर. बोर 18 मिनिटं चालून धार तुटत असेल आणि पातळी भरायला दीड तास लागत असेल, तर टायमर नव्वद मिनिटांचा हवा. दहा मिनिटांवर ठेवला की धार दिवसभर एक-दोन मिनिटं चालून तुटत राहते, आणि प्रत्येक वेळी हवा-पाण्याच्या झटक्यांनी मोटरच्या तळाच्या थ्रस्ट बेअरिंगवर मार बसतो. जून उतरता आणि ऑक्टोबरमध्ये ही वेळ निराळी निघेल, म्हणून पाऊस पडून गेल्यावर पुन्हा मोजा. करंटही तेव्हाच पुन्हा बघा, कारण इम्पेलर झिजले की भरल्या पाण्यातही तो 9 वरून साडेसातच्या खाली उतरू शकतो आणि मग ती सेटिंग पाणी असतानाच मोटर बंद करू लागते. नेमक्या त्याच वेळी कोणीतरी रिले बायपास करून टाकतो.