समान मुळांची धास्ती: दोन चलांच्या प्रणालीमागचा इतिहास

दहावीच्या बीजगणितात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ या प्रकरणात क्रेमरची पद्धत येते. निश्चयक D शून्य नसेल तरच उत्तर एकमेव, आणि D शून्य आला की तिथेच थांबायचं, एवढं पक्कं डोक्यात बसतं. पुढे इंजिनिअरिंगला आयगेन मूल्यं येतात तेव्हा मुद्दाम D शून्य करायला सांगतात, आणि बरीच मुलं इथेच बिचकतात. क्रेमरने आपली पद्धत 1750 मध्ये छापली. साधारण त्याच सुमारास फ्रान्समध्ये दालांबेर दुसऱ्याच एका जोडीशी झगडत होता. त्याच्या समीकरणांत x आणि y हे ठरावीक आकडे नव्हते, वेळेबरोबर बदलणाऱ्या राशी होत्या. आयगेन मूल्यांचा उगम या दुसऱ्या जोडीत आहे.

उदाहरण मुंबईचंच घेऊ. मे महिन्यातली रात्र, बाहेर 30 अंश. मुलुंडच्या वन बीएचकेमध्ये बेडरूमचा एसी टायमरवर बंद झाला, तेव्हा बेडरूम 20 अंशांवर आहे आणि हॉल 30 वर. मधलं दार उघडं आहे. बेडरूमला बाहेरची भिंत नाही असं धरू, म्हणजे तिची देवाणघेवाण फक्त हॉलशी, आणि हॉलची बेडरूमशी व बाहेरच्या हवेशी. बेडरूम बाहेरच्यापेक्षा जितकी थंड तो फरक x, हॉलचा तसाच फरक y, आणि t तासांत. न्यूटनच्या शीतलन नियमाप्रमाणे, अंक सोयीचे घेऊन:

x' = −2x + 2y
y' = 2x − 5y

दोन्ही खोल्या सारख्याच आकाराच्या मानल्या आहेत, म्हणून दोन्ही समीकरणांत देवाणघेवाणीचा 2 सारखाच आला. हॉलच्या 5 मधले 3 बाहेरच्या हवेचे.

अडचण अशी की x सोडवायला y लागतो आणि y सोडवायला x. मणी ओवलेल्या ताणलेल्या दोरीच्या कंपनांचा विचार करताना दालांबेरला असाच गुंता लागला होता. त्याने तोड काढली ती अशी: समीकरणांना योग्य संख्यांनी गुणून बेरीज करायची, म्हणजे एकच राशी दोन्ही बाजूंना उभी राहील. आपल्याकडे पहिल्याला 2 ने गुणून दुसरं मिळवलं तर

2x' + y' = −4x + 4y + 2x − 5y = −(2x + y)

u = 2x + y ठेवलं की उरतं u' = −u. तसंच पहिल्यातून दुसऱ्याची दुप्पट वजा केली तर w = x − 2y साठी w' = −6w मिळतं. गुंता सुटला, कारण u ला w ची गरज नाही आणि w ला u ची नाही. सुरुवातीला x = 10, y = 0, म्हणून u = 20e^(−t) आणि w = 10e^(−6t). उलट जाऊन x = (2u + w)/5 आणि y = (u − 2w)/5, म्हणजे

x = 8e^(−t) + 2e^(−6t)
y = 4e^(−t) − 4e^(−6t)

गुणायच्या संख्या शोधायच्या कशा, याचं सरळ उत्तर लाग्रांजने 1760च्या दशकात रूढ केलं. x = a·e^(λt), y = b·e^(λt) असं उत्तर मानून ठेवून द्यायचं. मग उरतं

(−2 − λ)a + 2b = 0
2a + (−5 − λ)b = 0

ही पुन्हा दहावीचीच जोडी, फक्त उजवीकडे शून्य. D शून्य नसेल तर क्रेमर एकच उत्तर देतो, a = b = 0, आणि ते आपल्या कामाचं नाही. म्हणून D शून्य हवाच: (−2 − λ)(−5 − λ) − 4 = 0, म्हणजे λ² + 7λ + 6 = 0, आणि λ = −1 किंवा −6. λ = −1 ठेवलं तर a = 2b, दिशा (2, 1). λ = −6 ठेवलं तर b = −2a, दिशा (1, −2). दालांबेरच्या गुणायच्या संख्या याच. आजच्या भाषेत λ ही आयगेन मूल्यं आणि या दिशा आयगेन सदिश. ही परिभाषा 1904 मध्ये हिल्बर्टने आणली, तोवर पद्धत दीडेक शतक जुनी झाली होती.

उत्तर घरात काय दाखवतं ते बघण्यासारखं आहे. −6 चं पद अर्ध्या तासातच जवळपास विरतं. हॉल आधी गार होतो: y सर्वांत मोठा होतो तेव्हा e^(5t) = 6, म्हणजे सुमारे 21 मिनिटांनी, आणि तेव्हा हॉल साधारण 27.7 अंशांवर असतो. तिथून दोन्ही खोल्या संथपणे तापतात. तासाभराने बेडरूम सुमारे 27.1 आणि हॉल 28.5. त्या टप्प्यात y आणि x यांचं गुणोत्तर 1/2 वर स्थिरावतं, कारण फक्त (2, 1) दिशा शिल्लक असते. खऱ्या घरात थर्मामीटर लावून हे गुणोत्तर सरकतच राहिलं, तर समजायचं की दोन चलं पुरत नाहीत. बहुधा भिंतींनी धरून ठेवलेला गारवा हिशेबात आलेला नसतो.

1770च्या दशकात लाग्रांज आणि लाप्लास यांनी हीच युक्ती ग्रहांच्या कक्षांवर वापरली. तेव्हा सहाच ग्रह माहीत होते, त्यामुळे λ चं समीकरण सहाव्या घाताचं. शतकानुशतकं कक्षा किती ढळतील, हा प्रश्न होता. लाग्रांजला धास्ती होती ती समान मुळांची. दोन मुळं सारखी निघाली तर उत्तरात t ने गुणलेलं पद येणार, ते वाढतच जाणार आणि सूर्यमाला अस्थिर ठरणार, असं त्याचं मत होतं.

1829 मध्ये कोशीने याच ग्रहांच्या समीकरणावर लेख लिहिला आणि सहगुणक सममित असतील तर सगळी मुळं वास्तव असतात हे सिद्ध केलं. दोन चलांसाठी तर ते एका ओळीत दिसतं. सममित म्हणजे पहिल्या समीकरणातला y चा सहगुणक आणि दुसऱ्यातला x चा सहगुणक सारखाच, समजा r. पहिल्यातला x चा p आणि दुसऱ्यातला y चा q असेल तर विवेचक (p − q)² + 4r² येतो. वर्गांची बेरीज ऋण होत नाही. आपल्याकडे 9 + 16 = 25. समान मुळांसाठी ही बेरीज शून्य हवी, म्हणजे p = q आणि r = 0. पण r = 0 म्हणजे मधलं दारच बंद! दोन्ही खोल्या स्वतंत्र, मग t चं पद येणार कुठून? कितीही चलं असली तरी सममित प्रणालीत हे पद येत नाही, हे 1858 मध्ये वायरस्ट्रासने दाखवलं. लाग्रांजची धास्ती अनाठायी होती, पण ती दूर व्हायला बराच काळ जावा लागला. माझ्या मते या सगळ्या कथेतला हा सर्वांत रंजक भाग, आणि वर्गात तो बहुतेकदा गाळला जातो.

सममिती गेली की मात्र लाग्रांजचं पद खरोखर येतं. हॉल इतका मोठा धरा की बेडरूमच्या गारव्याचा त्याच्यावर परिणामच होत नाही, आणि बाहेरच्या हवेशी त्याचा अंक 2:

x' = −2x + 2y
y' = −2y

इथे λ दोनदा −2, आणि दिशा एकच, (1, 0). सुरुवातीचे सगळेच x₀, y₀ या एका दिशेत बसत नाहीत, म्हणून दोन घातांकी पदांची बेरीज पुरत नाही. आधी y = y₀e^(−2t), मग ते पहिल्यात ठेवून x = (x₀ + 2y₀t)e^(−2t). इथे e^(−2t) त्या t ला शेवटी गिळून टाकतो. ग्रहांच्या दोलनांत तसा ऱ्हास नसतो, तिथे पद वाढतच गेलं असतं. म्हणून परीक्षेत समान मुळं दिसली की आधी दिशा किती मिळतात ते तपासावं. दोन मिळाल्या तर नेहमीची रीत चालते, एकच मिळाली तर t चं पद लिहावं लागतं.