जपानी व्यावसायिक ईमेल : आरंभ व समारोप

जपानी कार्यालयीन मेलचा पहिला व शेवटचा शब्दप्रयोग ठरलेला असतो. कागदी पत्रातील ‘हाइकेइ’–‘केइगु’ ही जोडी आणि ऋतुवर्णन मेलमध्ये सहसा गळते. त्यांच्या जागी बाहेरच्यांना ‘ओसेवा नि नात्ते ओरिमासु’ (आपला आधार आम्हांला लाभत आहे) आणि स्वतःच्या कंपनीत ‘ओत्सुकारेसामा देसु’ लिहितात. ‘त्सुकारे’ म्हणजे थकवा. तरीही सकाळच्या पहिल्या मेललाही हे अभिवादन चालते.

‘ओत्सुकारेसामा’ व ‘गोकुरोसामा’ या श्रमांची दखल घेणाऱ्या दोन प्रयोगांतील भेद मात्र वादग्रस्त आहे. शिष्टाचाराची पुस्तके ‘गोकुरोसामा’ हे केवळ वरिष्ठाने कनिष्ठाला म्हणावे असे सांगतात. परंतु एदो काळात ‘गोकुरो’ हा शब्द वरिष्ठांनाही उद्देशून वापरल्याचे दाखले आहेत. त्यामुळे हा नियम बराच अलीकडचा, बहुधा विसाव्या शतकातला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेच्या 2005–06 च्या भाषाविषयक पाहणीत वरिष्ठांसाठी ‘ओत्सुकारेसामा’ म्हणणारे बहुसंख्य होते. नवख्याने ‘गोकुरोसामा’ टाळावे हे उत्तम.

मराठी भाषकाची खरी अडचण वेगळीच असते. मराठीतील आदर व्यक्तीला चिकटलेला असतो : ‘आमचे साहेब उद्या येतील’ हे वाक्य ग्राहकासमोरही बदलत नाही. जपानी आदर सापेक्ष आहे. समोर कोण आहे यावर तो ठरतो. बाहेरच्याशी बोलताना स्वतःचा वरिष्ठही ‘आपल्यातला’ होतो आणि त्याचा मान उतरतो.

समजा, सातो विभागप्रमुख असलेल्या संघातील कुलकर्णी हे ग्राहक-कंपनीतील तानाका यांना चाचणीचा अहवाल पाठवत आहेत. पहिल्या ओळीत कंपनीचे नाव, विभाग आणि ‘तानाका सामा’ येते; व्यक्तीऐवजी विभागाला लिहिल्यास ‘ओन्चू’. पुढे ‘ओसेवा नि नात्ते ओरिमासु’, मग स्वतःची कंपनी व ‘कुलकर्णी देसु’. स्वतःच्या नावाला ‘सान’ हा आदरप्रत्यय कधीच नाही. मजकुरात प्रमुखांचा उल्लेख ‘सातो-बुचो’ असा नव्हे, तर ‘बुचो नो सातो’ असा होतो, कारण नावानंतर जोडलेले पद आदरवाचक ठरते. प्रत सातो यांना जात असली तरी हेच रूप राहते. तानाकांच्या नावाखाली कंसात ‘हेइशा सातो’ (आमच्या कंपनीचे सातो) लिहितात. तोच अहवाल फक्त सातोंना पाठवताना ‘सातो-बुचो’ व ‘ओत्सुकारेसामा देसु’ परत येतात.

समारोप बहुधा ‘योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु’ असा असतो. त्यात पुढील सहकार्याची विनंती आहे, म्हणून तो ‘आपला नम्र’ याच्या जागी बसत नाही. अहवाल तपासून हवा असल्यास ती मागणी व तारीख त्याआधी स्पष्ट लिहावी लागते. ‘तोरिइसोगि’ (तूर्त घाईने) ने सुरू होणारा समारोप ‘...मादे’ वर तोडला तर वरिष्ठांना व ग्राहकांना तुटक वाटू शकतो. तेथे वाक्य ‘इताशिमासु’ने पूर्ण करतात.